पाळी गेल्यावर आणि प्रेग्नंसीत कोलेस्टेरॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात ओपीडी चालवते. लिपिड प्रोफाइलचा कागद हातात घेऊन घाबरलेल्या बायका येतात त्या मुख्यतः दोन प्रकारच्या, एक पन्नाशीच्या आसपासची आणि दुसरी पाच-सात महिन्यांची गरोदर. दोघींच्या कागदावर लाल अक्षरं असतात पण दोघींना द्यायचं उत्तर जवळजवळ उलटं असतं. पाळी गेलेल्या बाईच्या एलडीएलकडे म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलकडे बघायचं, गरोदर बाईच्या एलडीएलकडे सहसा बघायचंच नाही, तिच्या ट्रायग्लिसराइडवर म्हणजे रक्तातल्या चरबीवर डोळा ठेवायचा. खालचे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले जातात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय. गोळी सुरू-बंद करायची ती मात्र तुमचा कागद बघितलेल्या डॉक्टरला विचारूनच.

माझं खाणंपिणं तेच, वजन तेच, मग पाळी गेल्यावर कोलेस्टेरॉल वाढलं कसं?

माझ्या नणंदेचंच सांगते. ४७ व्या वर्षी तिचं टोटल कोलेस्टेरॉल १८८, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ५२, ट्रायग्लिसराइड ११०. एलडीएल काढायचं तर टोटलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, म्हणजे १८८ उणे ५२ उणे २२, आलं ११४. ५० व्या वर्षी पाळी थांबली, त्यानंतर काही महिन्यांनी टोटल २०९, एचडीएल ५०, ट्रायग्लिसराइड १४०, म्हणजे एलडीएल १३१. पंधरा टक्के वाढ, आणि बाई शपथेवर सांगतेय की वहिनी मी वडापावला हात लावलेला नाही. मला तिचं खरं वाटतं.

कारण असं की रक्तातलं एलडीएल उचलून आत घ्यायला लिव्हरवर रिसेप्टर असतात, आणि इस्ट्रोजेन असेपर्यंत ते भरपूर असतात. इस्ट्रोजेन गेलं की ते कमी होतात आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. तुम्ही जास्त काही आत टाकलेलं नाही, बाहेर काढणारी माणसं कमी झालीत.

ही वाढ हळूहळू होते का?

ट्रायग्लिसराइड हळूहळू वाढतं, ते वयाबरोबर आणि पोटाच्या घेराबरोबर जातं. एलडीएलचं तसं नाही. अमेरिकेत स्वान नावाचा मोठा अभ्यास आहे, त्यात बायकांना पाळी जायच्या आधीपासून वर्षानुवर्षं तपासत गेले, तेव्हा दिसलं की एलडीएलची मोठी उडी शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण वर्षभरातच येते. म्हणून ४६ व्या वर्षीचा नॉर्मल रिपोर्ट फाइलला लावून ५५ पर्यंत निवांत राहू नका. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, पाश्चात्य बायकांपेक्षा चारेक वर्षं आधी, म्हणजे उडीही आधीच येते. पाळी थांबल्यावर वर्षभरात एक रिपोर्ट करून घ्या, आधीचा असेल तर शेजारी ठेवून बघा.

एचडीएल ६८ आहे, चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, मग काळजी नाही ना?

यावर फार विसंबू नका. पाळी गेल्यानंतर एचडीएलचा आकडा चांगला दिसला तरी त्याचं काम आधीइतकं चांगलं राहतंच असं नाही. एलडीएल १६० असताना ६८ चं एचडीएल दाखवून सूट मिळत नाही.

मग एलडीएल १३१ ला गोळी घ्यायची का?

नुसत्या आकड्यावर ठरत नाही. १९० किंवा वर असेल तर बाकी काही न बघता स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, विचार करायचाच, मधुमेह असेल किंवा हार्टचा त्रास होऊन गेला असेल तरी तसंच. मधल्या आकड्यांना मी आधी चौकशी करते. बीपी आहे का, वडलांना किंवा भावाला लवकर अटॅक आला होता का, मिश्री लावता का (हे विचारलं की बायका पदर तोंडाला लावून हसतात आणि मग सांगतात), पाळी चाळिशीच्या आत गेली होती का. आणि एक प्रश्न जो बऱ्याचदा राहून जातो, बाळंतपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का? पंचवीस वर्षांपूर्वीचं ते बाळंतपण आजच्या हार्टच्या हिशोबात धरावं लागतं.

गोळी लिहिण्याआधी टीएसएच ही थायरॉईडची तपासणी बघायची. या वयात थायरॉईड मंदावलेलं खूप बायकांमध्ये सापडतं आणि त्याने एलडीएल वाढतं. थायरॉईडची गोळी नीट बसली की एलडीएल कितीतरी वेळा आपोआप खाली येतं, आणि थायरॉईड तसंच ठेवून स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास व्हायची शक्यता वाढते. माझ्या नणंदेला बीपी नाही, शुगर नाही, टीएसएच ठीक, तिला मी तीन महिने दिले, रोज चालणं आणि उपासाची साबुदाणा खिचडी-तळलेले पापड कमी, मग पुन्हा रिपोर्ट. तिच्या जागी मधुमेहवाली बाई असती तर त्याच १३१ ला मी त्याच दिवशी गोळी लिहिली असती.

स्टॅटिनने गुडघे दुखायला लागले, बंद केली. बरोबर केलं ना?

बहुतेक चूकच केलंत. पन्नाशीत गुडघे, टाचा, बोटं दुखणं हे पाळी जाण्याच्या काळातलंच दुखणं असतं आणि नाव गोळीवर जातं. स्टॅटिनचं दुखणं सांध्यात नसतं, स्नायूत असतं, दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, जिने चढताना पाय जड, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. तसं वाटलं तर स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी सीपीके तपासायची, डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं. लघवी चहासारखी गडद झाली आणि अंगात त्राण नाही असं झालं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात या. बारीक चणीच्या, वय झालेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो. काही अँटिबायोटिक आणि फंगसच्या गोळ्यांबरोबरही होतो, क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल वगैरे, म्हणून नायट्यासाठी केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणता तेव्हा स्टॅटिन चालू आहे हे तोंडाने सांगा.

इस्ट्रोजेन गेल्यामुळे वाढलं ना, मग हार्मोनच्या गोळ्या घेऊन कमी करता येईल?

तर्क बरोबर आहे आणि एकेकाळी डॉक्टरही हाच करायचे. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने एलडीएल खरंच कमी होतं, एचडीएल वाढतं, कागद सुंदर दिसतो. पण आधीच हार्टचा आजार असलेल्या बायकांवरचा अभ्यास १९९८ ला आला आणि डब्ल्यूएचआय हा मोठा अभ्यास २००२ ला, दोन्हीत हार्टचं संरक्षण काही दिसलं नाही, उलट गुठळ्या वाढल्या. त्यातल्या बऱ्याच बायका साठी उलटलेल्या होत्या, त्यामुळे पन्नाशीत सुरू करणाऱ्यांना तो हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. तरी गरम वाफा, घाम, झोप न येणं यासाठी हार्मोन घ्यायचे, कोलेस्टेरॉलसाठी नाहीत.

दुसरी गोष्ट, गोळीतलं इस्ट्रोजेन पोटातून आधी लिव्हरकडे जातं आणि लिव्हर जास्त ट्रायग्लिसराइड बनवायला लागतं. ज्या बाईचं आधीच ४००-५०० आहे तिला ही गोळी दिली तर ते हजारावर जाऊन स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अशा बाईला वाफांसाठी हार्मोन लागलेच तर कातडीवरचा पॅच किंवा जेल, ते थेट रक्तात जातं आणि ट्रायग्लिसराइड फारसं हलत नाही. म्हणून हार्मोन सुरू करायच्या आधी एक लिपिड प्रोफाइल करून घ्या.

पिशवी काढली आहे ३५ व्या वर्षी, पाळी त्यामुळेच गेली. मला हे लागू आहे का?

नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर इस्ट्रोजेन चालू राहतं, पाळी नाही एवढंच, पण ते थोडं लवकर मंदावू शकतं. दोन्ही अंडाशयही काढले असतील तर उडी लगेच आणि जोरात येते आणि ती तरुण वयातच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय पेपरात गाजला, तेव्हा चर्चा सगळी ऑपरेशन गरजेचं होतं की नव्हतं यावर झाली, पण त्या बायकांचं एलडीएल पुढे कोण तपासणार हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशय काढलेत का ते वाचून घ्या. कितीतरी बायकांना माहीतच नसतं.

वय ४७, पाळी तीन-चार महिन्यांनी येते, स्टॅटिन चालू आहे. आता दिवस जायची भीती नाही ना?

आहे. पाळी अनियमित म्हणजे गेलेली नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्षं काळजी घ्यायची असा नियम आहे. स्टॅटिन घेणाऱ्या बाईला तो जास्तच लागू, आणि चाळिशी उलटली की डॉक्टरही हे सांगायला विसरतात, मीही विसरलेय.

सहावा महिना आहे. पॅकेजमध्ये रिपोर्ट केला, टोटल २६२, ट्रायग्लिसराइड २८०! काय करू?

डोहाळजेवणाची तयारी करा. खरंच सांगते. या ताईंचं एचडीएल ६८ होतं, मगाचा हिशोब लावला तर २६२ उणे ६८ उणे ५६, एलडीएल १३८. प्रेग्नंसीत टोटल पाव ते निम्म्याने वाढतं आणि ट्रायग्लिसराइड शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतं, आधी १०० असलेलीचं २८० होणं यात आजार काही नाही. कागदावरची लाल रेघ गरोदर नसलेल्या माणसांसाठी आखलेली असते, लॅबचं मशीन पोट बघत नाही.

पहिल्या अर्ध्यात शरीर चरबी साठवतं आणि नंतरच्या अर्ध्यात तीच सोडायला लागतं, म्हणजे आईचं भागेल चरबीवर आणि साखर बाळाला मिळेल. वारेला प्रोजेस्टेरॉन बनवायला कोलेस्टेरॉल लागतं तेही इथूनच. म्हणून आधी काही त्रास नसेल तर गरोदरपणात लिपिड प्रोफाइल करायचीच गरज नसते. पॅकेजवाले करतात कारण ते पॅकेजमध्ये असतं.

पण इस्ट्रोजेनने एलडीएल कमी होतं म्हणालात, प्रेग्नंसीत तर इस्ट्रोजेन प्रचंड असतं, मग वाढतं कसं?

हा प्रश्न एका बीएससी झालेल्या मुलीने विचारला होता आणि मला आवडला. इस्ट्रोजेन दोन कामं करतं, एलडीएल उचलायचे रिसेप्टर वाढवतं आणि लिव्हरला ट्रायग्लिसराइडने भरलेले कण जास्त बनवायला लावतं. प्रेग्नंसीत दुसरं काम पहिल्याला भारी पडतं, शिवाय इन्शुलिन नीट लागू होत नाही आणि चरबी फोडणारं एन्झाइम मंदावतं, त्यामुळे कण साचतात आणि त्यांच्यातूनच पुढे एलडीएल तयार होतं. उचलणारे वाढले पण माल त्याहून जास्त आला.

मग ट्रायग्लिसराइडची भीती कधी बाळगायची?

साध्या प्रेग्नंसीत ते ३०० च्या फार वर सहसा जात नाही. ५०० दिसलं तर डॉक्टरला लगेच दाखवा, हजाराच्या पुढे स्वादुपिंडाचा धोका खरा. हे घडतं कुणाला, तर जिचं लग्नाआधीच ४००-६०० होतं, घराण्यात आहे, किंवा मधुमेह आहे, त्यावर प्रेग्नंसीची दुप्पट-तिप्पट चढली की गणित कुठे जातं बघा.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवलेत. सातवा महिना, रात्रीपासून पोटात वरच्या बाजूला दुखणं, पाठीत जाणारं, उलट्या. घरी ॲसिडिटी समजून जिरं-ओवा झाला. सकाळी रक्त काढलं आणि लॅबच्या मुलाचा फोन आला, मॅडम ट्यूबमध्ये वर दुधासारखं तरंगतंय. ट्रायग्लिसराइड २,३४०. गंमत म्हणजे, गंमत कसली, स्वादुपिंडाची सूज दाखवणारं अमायलेज नॉर्मल आलं होतं, कारण एवढी चरबी तपासणीच्या आड येते आणि आकडा खोटा कमी दाखवते. सोडियमही असंच खोटं कमी दिसू शकतं. लायपेज ही स्वादुपिंडाची दुसरी तपासणी आणि सोनोग्राफी यांनी स्वादुपिंडाच्या सुजेचं निदान पक्कं झालं. जिल्ह्याला हलवली, तोंडाने बंद, सलाइन, ग्लुकोजबरोबर इन्शुलिनचं ड्रिप, कारण इन्शुलिनने ते मंदावलेलं एन्झाइम जागं होतं. दोन दिवसांत हजाराच्या खाली, पाच दिवसांत पाचशेच्या. नाही उतरलं तर मशीनवर रक्तातला प्लाझ्मा बदलावा लागतो, तिला लागला नाही. ३७ व्या आठवड्यात बाळ झालं, दोघं ठीक.

नंतर फाइल चाळताना दिसलं की लग्नाआधी नोकरीच्या मेडिकलमध्ये ट्रायग्लिसराइड ६१० होतं. कुणी काही केलं नव्हतं, तिनेही नाही.

अशा बाईला प्रेग्नंसीत काय देता येतं?

पहिलं औषध ताट. चरबी दिवसाला वीसेक ग्रॅमवर आणावी लागते, म्हणजे चार चमचे तेल झालं की संपलं, आणि दूध-शेंगदाणे त्यातच मोजायचे. आपल्याकडे भाजीत दोन मोठे चमचे दाण्याचा कूट पडतो, त्यातच आठ-दहा ग्रॅम गेले. साखर, मैदा, गोड फळांचे रस बंद, कारण लिव्हर त्याचंही ट्रायग्लिसराइडच बनवतं. हे डायटिशियनच्या देखरेखीखालीच, कारण बाळालाही काही चरबी लागते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल वापरता येतात. फेनोफायब्रेटसारखी औषधं पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, नंतर धोका मोठा असेल तर स्पेशालिस्ट देतात.

एलडीएलसाठी काही द्यायचीच वेळ आली तर कोलेस्टिरामाइन पावडर, ती रक्तात जात नाही, आतड्यातच राहते. पण तीच ट्रायग्लिसराइड वाढवते म्हणून वरच्या केसमध्ये चालणारच नाही. शिवाय बद्धकोष्ठ होतं, आणि लोह, फॉलिक ॲसिड, थायरॉईडची गोळी तिच्यात अडकून वाया जाते, म्हणून त्या गोळ्या पावडरच्या तासभर आधी किंवा चार तासांनी. ‘नॅचरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल नकोच, त्यात असतं ते लोव्हास्टॅटिनच आहे.

दोन महिने उलटल्यावर कळलं, तोपर्यंत स्टॅटिन चालू होती. गर्भ काढावा लागेल का?

नाही! हे ऐकून मुली रडत येतात, सासूने सांगितलेलं असतं किंवा केमिस्टने. गोळी थांबवा, डॉक्टरला सांगा, नेहमीच्या सोनोग्राफी वेळेवर करा. जुन्या अभ्यासांमुळे स्टॅटिनवर गरोदरपणात पूर्ण बंदी लिहिलेली असायची, २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ती सर्वात कडक सूचना काढायला सांगितली, कारण सुरुवातीला नकळत घेतल्याने बाळाला इजा होण्याची शक्यता कमी दिसते. पण याचा अर्थ चालू ठेवा असा नाही, बहुतेक बायकांनी दिवस गेल्याचं कळताच थांबवायचीच आहे. आधीच अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय किंवा आईवडील दोघांकडून आलेला कोलेस्टेरॉलचा तीव्र आजार आहे अशा मोजक्या जणींसाठी डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

घराण्यातच कोलेस्टेरॉल आहे, एलडीएल २४०. मूल हवंय. कसं ठरवायचं?

ठरवून करा एवढंच. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा आजार आई किंवा वडलांकडून आलेला असतो. मूल हवं म्हणून प्रयत्न सुरू करायच्या एक ते तीन महिने आधी स्टॅटिन थांबवतात, डॉक्टर-डॉक्टरमध्ये थोडा फरक असतो. एलडीएल उतरवणारी इझेटिमिबची गोळी आणि पीसीएसके-९ ची इंजेक्शनंही थांबवतात कारण गरोदरपणातली माहिती अपुरी आहे. कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी की प्रयत्नाची दोन वर्षं, नऊ महिने, दूध पाजायचं एक वर्षं, मग दुसरं मूल, असं करत या मुलीची आठ वर्षं औषधाविना जातात. म्हणून आधी हार्ट तपासून घ्या आणि दोन मुलांच्या मध्ये गोळी पुन्हा सुरू करायची तारीख लिहून ठेवा.

बाळंतपणानंतर रिपोर्ट कधी? आणि डिंकाचे लाडू चालतील?

ट्रायग्लिसराइड सहाएक आठवड्यांत उतरतं, दूध पाजणारीचं लवकर, एलडीएल जास्त रेंगाळतं, म्हणून घाईने करण्यापेक्षा तीन महिन्यांनी करा. दूध पाजताना स्टॅटिन नको. गोळी थांबवणं धोक्याचं असलेल्या बाईला दूध की गोळी हे निवडावं लागतं. पुढचं मूल नको म्हणून गर्भनिरोधक गोळी घेणार असाल तर त्यातल्या इस्ट्रोजेननेही ट्रायग्लिसराइड चढतं, ते जास्त असलेलीने तांबी घ्यावी.

लाडूंचं म्हणाल तर सहाव्या महिन्यात २८० वाली असाल तर डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे जे आई करेल ते खा. २,३४० वालीच्या आईने मात्र तुपात थबथबलेला डबा दवाखान्यात आणला होता आणि मला तो परत न्यायला लावताना जीवावर आलं. शेवटी खारीक, भाजलेले अळीव आणि सुंठ घालून बिनतुपाची पातळ पेज केली, वरून तिखट-मिठाचा खाकरा. आई म्हणाली, ही कसली बाळंतीण. तीन महिन्यांनी रिपोर्ट ३९० आला.